उत्तर तेराव्या पानावर कशाला?

*महिनाभर खपून केलेले विश्लेषण साहेब वाचतच नाहीत, ही अनेक कार्यालयांतली तक्रार. दोष दर वेळी वाचणाऱ्याचा नसतो. शोध ज्या क्रमाने लागला त्याच क्रमाने तो सांगितला की उत्तर शेवटी जाऊन पडते. ‘पिरॅमिड’ मांडणी हा क्रम उलटा करते. पण ती वापरताना एक धोकाही आहे. तो नेमका काय?*

समजा, पुण्यातल्या एका बेकरी कंपनीत तुम्ही आकडेवारीचे काम पाहता. दुकानांतून परत येणारा शिळा ब्रेड गेल्या तीन महिन्यांत वाढला आहे. व्यवस्थापक विचारतात, ‘हे कशामुळे झाले आणि करायचे काय?’ तुम्ही तीन आठवडे नोंदी चाळता, चालकांशी बोलता, दुकानदारांना भेटता आणि चौदा पानांचा अहवाल पाठवता. पहिल्या पानावर अहवालाचा उद्देश, दुसऱ्यावर माहिती कुठून घेतली, मग आठ पाने तक्ते आणि आलेख. ‘टेम्पो उशिरा पोहोचतो’ हे वाक्य तेराव्या पानावर.

व्यवस्थापक हा मेल दोन बैठकांच्या मधल्या पाच मिनिटांत मोबाइलवर उघडतात. पहिल्या पडद्यावर त्यांना ‘सदर अहवालाचा उद्देश’ दिसतो. ‘निवांत वाचू’ म्हणून ते मेल बाजूला ठेवतात. तो निवांतपणा येत नाही आणि कंपनीला रोज शिळा ब्रेड परत येतच राहतो.

ही सवय येते कुठून?

शाळेतली प्रयोगवही आठवा. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि सगळ्यात शेवटी अनुमान. आधी अनुमान लिहिले तर ‘कॉपी केलीस का?’ असा प्रश्न येई. पुढे प्रकल्प अहवाल आणि प्रबंधही त्याच वाटेने जातात. त्यामुळे निष्कर्ष शेवटीच असतो, हे आपल्या हातात बसलेले असते.

त्याच शाळेत भूमितीच्या तासाला मात्र उलटे चालायचे. आधी पक्ष, मग साध्य आणि त्यानंतर सिद्धता. काय सिद्ध करायचे आहे हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असायचे, म्हणून सिद्धतेची प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे कळायचे. कार्यालयातल्या अहवालाने प्रयोगवहीचा नव्हे, तर भूमितीच्या वहीचा क्रम घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यात लाजेचाही भाग आहे. वरिष्ठांपुढे एकदम निर्णय मांडणे कनिष्ठाला आगाऊपणाचे वाटते. ‘आधी सगळी पार्श्वभूमी देऊ, निष्कर्ष साहेब काढतील’ असा विचार होतो. पण तीन आठवडे त्या आकड्यांत तुम्ही घालवले आहेत, साहेबांनी नाही. निष्कर्ष काढायचे काम त्यांच्यावर ढकलणे म्हणजे नम्रता नव्हे, अर्धवट सोडलेले काम आहे.

पिरॅमिड मांडणी म्हणजे काय?

या पद्धतीला नाव आणि नियम दिले ते बार्बरा मिंटो यांनी. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधून शिकलेल्या मिंटो १९६३ मध्ये मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत दाखल झाल्या. एमबीए झालेली स्त्री या कंपनीने घेण्याची ती पहिलीच वेळ होती. १९६६ मध्ये त्यांना लंडनला पाठवले गेले. तिथे युरोपातल्या सहकाऱ्यांचे अहवाल सुधारणे हे त्यांचे काम होते. अहवाल समजत नाही तेव्हा अडचण अनेकदा भाषेची नसून विचारांच्या रचनेची असते, हे त्यांच्या लक्षात आले. १९७३ मध्ये त्या कंपनीतून बाहेर पडल्या आणि हीच पद्धत शिकवू लागल्या. ‘द पिरॅमिड प्रिन्सिपल’ हे त्यांचे पुस्तक आजही सल्लागारांच्या प्रशिक्षणात वापरले जाते.

कल्पना सोपी आहे. शेंड्यावर एकच वाक्य, म्हणजे वाचणाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर. ते वाचल्यावर त्याच्या मनात पुढचा प्रश्न उठतो, ‘कशावरून?’ किंवा ‘कसे करायचे?’. खालच्या पायरीवर त्याच प्रश्नाची तीन-चार उत्तरे असतात. त्या प्रत्येकाखाली त्याचा पुरावा. म्हणजे वरून खाली येताना प्रत्येक पायरी आधीच्या पायरीने उठवलेल्या प्रश्नाला उत्तर देते.

वृत्तपत्राच्या बातमीतही महत्त्वाचे आधी येते. पण बातमी खालून कापता येते. शेवटचे दोन परिच्छेद गेले तरी चालतात. इथे तसे नाही. पाया काढला तर शेंडा अधांतरी राहतो. व्यवस्थापकाने पाया वाचला नाही तरी चालेल, पण तो तिथे असावाच लागतो.

ब्रेडचा अहवाल कसा बदलेल?

आता आपल्या कल्पित बेकरीकडे परत येऊ. तुमच्या वहीत सापडलेल्या गोष्टी, जशा सापडल्या तशा, अशा आहेत. महिन्याला एक लाख पुडे जातात. त्यातले ५० हजार पुण्यात, २५ हजार सातारा-कराड पट्ट्यात आणि २५ हजार कोल्हापुरात. पूर्वी तिन्हीकडून सहा टक्के माल परत यायचा, म्हणजे एकूण सहा हजार पुडे. आता नऊ हजार येतात. वाढलेल्या तीन हजारांपैकी पुण्याचे ३००, सातारा-कराडचे २०० आणि कोल्हापूरचे २,५००. तीन महिन्यांपूर्वी कोल्हापूरचा स्वतंत्र टेम्पो बंद करून तो माल सातारा-कराडच्या टेम्पोत घातला गेला. त्यामुळे महिन्याचे ६० हजार रुपये वाचले. पण पूर्वी सकाळी सहाला पोहोचणारा ब्रेड कोल्हापुरात साडेदहाला पोहोचू लागला. दुकानदार म्हणतात, ‘सकाळचं गिऱ्हाईक तोवर निघून जातं.’ बुरशीच्या किंवा चवीच्या तक्रारी वाढलेल्या नाहीत. दुकानदारांनी मागणीचा आकडाही बदललेला नाही. तुम्ही १२ दुकानांत आठवडाभर सकाळी सातच्या आत माल पोहोचवून पाहिला, तेव्हा तिथला परतावा १६ टक्क्यांवरून सात टक्क्यांवर आला. परत आलेल्या प्रत्येक पुड्यामागे कंपनीला ४० रुपयांचा फटका बसतो.

हे सगळे खरे आहे, पण हा अजून अहवाल नाही. पिरॅमिडमध्ये घातल्यावर मेल असा होतो:

*विषय: कोल्हापूरचा स्वतंत्र टेम्पो पुन्हा सुरू करावा – महिन्याला सुमारे ३० हजार वाचतील*

*परत येणारा ब्रेड बराच काळ सहा टक्के होता. गेल्या तीन महिन्यांत तो नऊ टक्क्यांवर गेला. तो कशामुळे वाढला आणि काय करावे, असे आपण विचारले होते. कोल्हापूरचा माल सकाळी सातच्या आत पोहोचेल असा स्वतंत्र टेम्पो पुन्हा सुरू करावा, अशी शिफारस आहे.*

*१. वाढ जवळपास पूर्णपणे कोल्हापूरची आहे. वाढलेल्या ३,००० पुड्यांपैकी २,५०० तिथले आहेत.*

*२. कारण उशीर हेच दिसते. माल साडेचार तास उशिरा पोहोचतो. दर्जाच्या तक्रारी किंवा दुकानांची मागणी यांत बदल नाही. १२ दुकानांत वेळेवर माल दिल्यावर परतावा १६ वरून सात टक्क्यांवर आला.*

*३. टेम्पोचा खर्च नुकसानीपेक्षा कमी आहे. खर्च ६० हजार. सगळीकडे परतावा सात टक्क्यांवर आला तर वाचतील ९० हजार.*

एवढा मजकूर मोबाइलच्या एक-दोन पडद्यांत मावतो. बाकी तक्ते सोबतच्या फाइलमध्ये, याच तीन शीर्षकांखाली. व्यवस्थापकांना दुसऱ्या मुद्द्याची शंका आली तर ते फक्त तिथलाच तक्ता उघडतील.

सुरुवातीची तीन वाक्ये पुन्हा पाहा. आधी स्थिती, म्हणजे दोघांनाही मान्य असलेली गोष्ट. मग त्या स्थितीत आलेली अडचण. मग तिच्यामुळे उभा राहिलेला प्रश्न. आणि लगेच उत्तर. मिंटो यांनी अहवालाच्या सुरुवातीसाठी हाच क्रम सांगितला. ‘उत्तर आधी’ याचा अर्थ वाचणाऱ्याच्या अंगावर उत्तर फेकणे असा नाही. आपण कोणत्या प्रश्नाबद्दल बोलतो आहोत एवढे आठवून द्यायचे आणि तेही त्याला आधीच माहीत असलेल्या गोष्टीतून. इथे नवी माहिती घातली की पार्श्वभूमी पुन्हा फुगू लागते.

शेंड्यावरचे वाक्य सापडते कसे?

वाचताना पिरॅमिड वरून खाली येतो, पण बांधताना बहुतेक वेळा खालून वर जावे लागते. वहीतली प्रत्येक नोंद एकेका ओळीत लिहून काढा. ज्या नोंदी एकाच प्रश्नाचे उत्तर देतात त्या एकत्र आणा. बेकरीच्या नोंदींत तीन प्रश्न दडलेले आहेत: वाढ कुठे झाली, का झाली आणि उपाय परवडतो का. मग प्रत्येक गटाला विचारा, ‘बरं, मग?’ त्याचे उत्तर एका पूर्ण वाक्यात आले तर तो गट तयार झाला.

इथेच पहिली मोठी चूक होते. गटाला वाक्य न देता नुसते नाव दिले जाते. ‘विभागनिहाय आकडेवारी’, ‘महत्त्वाची निरीक्षणे’, ‘खर्चाचे पैलू’. अशी शीर्षके कोणत्याही अहवालाला चिकटवता येतात, कारण ती काहीच सांगत नाहीत. ‘परताव्यामागे तीन कारणे आहेत’ हे वाक्यही तसेच रिकामे. त्यात संख्या आहे, कारण नाही. ओळखायची खूण सोपी आहे: शीर्षकाला कोणी ‘हे खोटं आहे’ म्हणू शकते का? ‘वाढ जवळपास पूर्णपणे कोल्हापूरची आहे’ हे वाक्य खोटे ठरवता येईल. ‘विभागनिहाय आकडेवारी’ हे खोटे कसे ठरवणार?

दुसरी चूक गटांच्या सीमांची. मिंटो यांची कसोटी इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मीसी’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्या स्वतः तिचा उच्चार ‘मीस’ असा करत. तिचा अर्थ असा की गट एकमेकांत मिसळू नयेत आणि सगळे मिळून काही सुटू नये. समजा, तुम्ही ‘वाहतुकीच्या अडचणी’, ‘कोल्हापूरच्या अडचणी’ आणि ‘दुकानदारांच्या अडचणी’ असे गट केले. उशिरा येणारा टेम्पो तिन्हीत बसतो. एकच गोष्ट तीनदा वाचल्यावर ती तीन वेगळी कारणे आहेत असा समज होतो. उलट, दर्जाच्या तक्रारी तपासल्याचे लिहिलेच नाही, तर बैठकीत पहिला प्रश्न येईल, ‘पीठ बदललं होतं, ते पाहिलं का?’ आणि अख्खी चर्चा पिठाकडे वळेल.

शेंड्यावरचे वाक्य लिहिताच आले नाही तर? मग दोष लेखनाचा नाही. विश्लेषण अजून संपलेले नाही. माझ्या मते या पद्धतीचा हा खरा उपयोग आहे. प्रयोगवहीच्या क्रमात आठ पाने तक्ते भरले की काम झाल्यासारखे वाटते. पिरॅमिडमध्ये पहिल्याच ओळीत ते झाले की नाही हे उघडे पडते.

मग धोका कुठे आहे?

उत्तर वर आणले की ते ठळक दिसते. ते पायाशी जुळत नसेल तर ठळक अक्षरांतली चूक घेऊन वाचणारा निघून जातो. याचे सगळ्यात क्लेशदायक उदाहरण आपल्याला जवळचे आहे, कारण त्या यानात कल्पना चावला होत्या.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान उडाले. साधारण ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधन टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच अभियंत्यांच्या गटाने नुकसानीचा अंदाज बांधला आणि तो सादरीकरणाच्या स्लाइडवर मांडला. त्यातल्या एका स्लाइडचे शीर्षक, मराठीत त्याचा आशय सांगायचा तर, असे होते: चाचण्यांची माहिती पाहता उष्णतारोधक टाइल भेदली जाण्याचे अंदाज सावध बाजूला झुकलेले आहेत. घाईत वाचणाऱ्याला यातून दिलासाच मिळतो.

त्याच स्लाइडच्या तळाशी, बारीक अक्षरांत, लिहिले होते की प्रत्यक्ष उड्डाणातली स्थिती चाचण्यांच्या कक्षेच्या बरीच बाहेर आहे. चाचणीतल्या तुकड्याचे आकारमान तीन घन इंच आणि इथे गृहीत धरलेल्या तुकड्याचे १,९२० घन इंच. म्हणजे ६४० पट. ज्या चाचण्यांच्या आधाराने शीर्षक लिहिले, त्या या तुकड्याबद्दल फारसे काही सांगू शकत नव्हत्या. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना यान फुटले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

माहितीच्या मांडणीचे अभ्यासक, येल विद्यापीठाचे एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची ओळ न् ओळ तपासली. चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ मधल्या आपल्या अहवालात ते विश्लेषण घेतले. ही स्लाइड वाचून वरिष्ठ अधिकाऱ्याला जिवावरचा धोका जाणवला नसेल तर ते समजण्यासारखे आहे, असे मंडळाचे म्हणणे होते. अपघात एका स्लाइडमुळे झाला असे कोणी म्हणत नाही. पंखाची छायाचित्रे मिळवण्याच्या अभियंत्यांच्या विनंत्या पुढे गेल्या नाहीत आणि मंडळाने संस्थेच्या एकूण कार्यपद्धतीवरच ठपका ठेवला. पण मांडणीपुरते बोलायचे तर त्या स्लाइडवरही वर एक वाक्य होते आणि खाली मुद्दे होते. आकार पिरॅमिडचा होता, पण खालच्या मुद्द्यांची बेरीज वरच्या वाक्याएवढी होत नव्हती. तळाच्या ओळीला ‘बरं, मग?’ विचारले असते तर शीर्षक बदलावे लागले असते: ‘आपल्या चाचण्यांवरून हे सांगता येत नाही, पंख पाहावा लागेल.’

म्हणून पाठवण्याआधी एक तपासणी उलट दिशेने करावी. वरचे वाक्य झाकून फक्त खालचे मुद्दे सहकाऱ्याला दाखवावेत आणि विचारावे, ‘यावरून तू काय म्हणशील?’ त्याचे उत्तर तुमच्या वाक्याशी जुळले नाही तर वाक्य बदला. आणि ज्या एका ओळीमुळे उत्तर उलटू शकते ती ओळ परिशिष्टात ठेवू नका. तिची जागा उत्तराच्या शेजारी.

खात्री नसेल तर?

आपल्या बेकरीची चाचणी १२ दुकानांची आणि एका आठवड्याची होती. ‘३० हजार वाचतील’ हे त्या बळावर छातीठोक सांगता येणार नाही. मग उत्तर तळाशी ढकलायचे का? नाही. अनिश्चितता उत्तरातच लिहायची: ‘स्वतंत्र टेम्पो एक महिना चालवून पाहावा. कोल्हापूरचा परतावा दहा टक्क्यांच्या खाली आला नाही तर टेम्पोचा खर्च निघणार नाही.’ हा आकडाही हिशेबातून येतो. ६० हजार भरून निघायला ४० रुपयांचे १,५०० पुडे वाचायला हवेत, म्हणजे आताच्या ४,००० पुड्यांचे २,५०० व्हायला हवेत. २५ हजारांत ते दहा टक्के. हे वाक्य आधीच्या विषयओळीपेक्षा कमी आकर्षक आहे, पण अधिक खरे आहे. मी असतो तर हेच पाठवले असते.

उत्तर साहेबांना आवडणारे नसेल तर?

पिरॅमिडची ही खरी मर्यादा आहे. टेम्पो एकत्र करण्याचा निर्णय याच व्यवस्थापकांचा असेल तर पहिल्याच ओळीत ‘स्वतंत्र टेम्पो पुन्हा सुरू करा’ वाचून ते बचावाच्या पवित्र्यात जातील आणि पुढचे पुरावे त्याच नजरेने वाचतील. अशा वेळी आधी समोरासमोर बोलावे. त्यात क्रम थोडा बदलावा: निर्णयाने ६० हजार वाचले हे खरे, त्याच काळात कोल्हापूरचा परतावा एक लाखाने वाढला हेही खरे आणि म्हणून ही शिफारस. पायरीपायरीने नेणारा हा युक्तिवाद अशा बैठकीला साजतो. लेखी अहवालात मात्र तो लांबवू नये. दहा पायऱ्या चढून गेल्यावर उत्तर मिळणार असेल तर वाचणारा चौथ्या पायरीवरच थांबतो.

जिथे वाचणाऱ्याला तुमची पद्धतच तपासायची आहे, म्हणजे लेखापरीक्षण, संशोधन किंवा अपघाताची चौकशी, तिथे कृती आणि निरीक्षणांना त्यांची पूर्ण जागा द्यावीच लागते. तिथेही सुरुवातीला अर्ध्या पानाचा सारांश असतो आणि तो याच नियमाने लिहिता येतो.

पुढचा अहवाल पाठवण्याआधी तो स्वतःच्याच मोबाइलवर उघडून पाहा. बोट न सरकवता, पहिल्या पडद्यावर व्यवस्थापकांच्या प्रश्नाचे उत्तर दिसते का? आणि शेवटपर्यंत सरकवत गेल्यावर खाली असे काही आहे का, जे वाचून ते उत्तर बदलावेसे वाटेल? पहिल्याचे उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ आले, तरच पाठवायचे बटण दाबा.